दुपारी 1, सकाळी 8

पत्र

आमचं घर देवगड तालुक्यात, वाडीच्या टोकाला. सासूबाईंचं वय 82, पाच वर्षांपासून डिमेन्शिया आहे. आता वाक्य असं बोलतच नाहीत. 'होय', 'नाय' आणि एखादं नाव, तेवढंच. पावसाच्या सुरुवातीला मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि धपकन खाली बसल्या. दोन दिवसांनी धरून चालायला लागल्या, म्हणून एक्स-रे काढला नाही. त्यानंतर रोज सकाळचा प्रसंग ठरलेला. यजमान दोन्ही हात धरून त्यांना खाटेवरून उठवतात, मी न्हाणीत नेते. उठवताना त्या किंचाळतात, "सोड गो, सोड" म्हणत मला चापट्या मारतात, तोंड वेडंवाकडं करतात, धापा टाकतात. कडेवर घेतलेल्या पोराशी बोलावं तसं बोलत राहिले की थोड्या निवतात. दुपारी मात्र पडवीत शांत पडून असतात. "दुखता काय?" विचारलं की "नाय". डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे. गणपतीला आलेले दीर म्हणाले, "आई तर शांत आहे, वहिनी उगाच घाबरतात. नाहीतर गोळी वाढवा." नर्सिंग शिकणाऱ्या भाचीने मोबाइलवर वेदना मोजायचा चार्ट पाठवला. दुपारी बाजूला बसून भरला, तर 10 पैकी 1 आला. यजमान म्हणतात, दुखत नाही हे आता सिद्ध झालं, हा डोक्याचाच आजार. मी चार्टवर विश्वास ठेवू की माझ्या कानांवर? गोळी वाढवू का?

उत्तर

ताई, जेवून आडव्या झालेल्या माणसावर तुम्ही चार्ट भरलात. त्या वेळी मी भरला असता तरी 1च आला असता. तुमच्या दिरांनीही आईला त्याच वेळी, त्याच पडवीत पाहिलं. सकाळी सातला खाटेपाशी ते नव्हते आणि चार्टही नव्हता.

भाचीने पाठवलेला चार्ट कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, पण 10 पैकी गुण म्हणजे तो बहुधा 'पेनॅड' असणार. 2003 साली अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉर्डन, अ‍ॅन हर्ली आणि लॅडिस्लाव्ह व्होलिसर यांनी तो पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियासाठी तयार केला. बोलून न सांगू शकणाऱ्या माणसाकडे पाच मिनिटं नीट पाहायचं आणि पाच गोष्टींना 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे. श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर निवतात का, या त्या पाच गोष्टी. नर्स म्हणून मी तो शेकडो वेळा भरला आहे. त्यामुळे तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, हे थोडं सांगू शकते.

तुमच्या पत्रातल्या वर्णनावरूनच सकाळचा चार्ट भरून बघू. धापा टाकतात, पण थोडा वेळच, म्हणून श्वासाला 1. अधूनमधून कण्हणं असतं तर आवाजाला 1 दिला असता, पण किंचाळणं आणि पुन्हा पुन्हा "सोड" म्हणणं आहे, म्हणून 2. चेहरा नुसता उदास किंवा कपाळाला आठी असती तर 1. वेदनेने वेडावाकडा होतो, म्हणून 2. अंग ताणलेलं असलं, चुळबूळ झाली तर 1, पण मुठी आवळणं, ढकलणं, मारणं याला 2. तुमच्या बोलण्याने थोड्या निवतात, म्हणून शेवटच्या ओळीला 1. काही केल्या निवल्या नसत्या तर तिथेही 2 आले असते. बेरीज 8.

त्याच बाई, तोच दिवस, दुपारी 1 आणि सकाळी 8. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची माहिती आहे. पडून असताना जे जवळजवळ नाही आणि हलवलं की उसळतं, ते सांध्यांचं, मणक्याचं, खुब्याचं दुखणं असू शकतं. म्हणून हा चार्ट विश्रांतीत एकदा आणि हालचालीत एकदा असा जोडीनेच भरायचा असतो. भाचीच्या वर्गात हे शिकवलं असेल, पण मोबाइलवर चित्र पुढे पाठवताना ते मागे राहतं.

आता "नाय" बद्दल. त्या खोटं बोलत नाहीत. तुम्ही विचारता तेव्हा त्यांना खरंच दुखत नसेल. पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात "सकाळी दुखलं होतं" हे दुपारपर्यंत टिकत नाही, आणि "उठवलंत की दुखतं" असं जोडून सांगणं तर त्याहून अवघड. तरी विचारणं सोडू नका. चार्ट विचारण्याच्या जागी नसतो. विचारून उत्तर मिळेनासं झालं की तो त्याच्या जोडीला येतो. फक्त ऐन क्षणी विचारा, दुखऱ्या जागेवर हात ठेवून, एकच छोटा प्रश्न, त्यांच्याच बोलीत: "हय दुखता?" आणि शब्द बदलून पाहा. कित्येक म्हाताऱ्या माणसांना 'दुखणं' म्हणजे तापाने अंथरुणाला खिळणं वाटतं. तीच माणसं "कळ येता?", "ठणकता?" याला पटकन होय म्हणतात. आमच्याकडच्या एका आजींनी "दुखता काय" ला महिनाभर "नाय" म्हटलं आणि "चमकता काय" म्हटल्यावर माझा हात धरून कमरेवर नेला.

यजमानांचं म्हणणं थोडं बाजूला ठेवू. डिमेन्शियात दुखणं जाणवायचं थांबतं, असा समज घराघरांत आहे आणि दवाखान्यांतही. तसं नाही. हाड मोडलं, दात किडला, पोट तटतटलं तर कळ मेंदूपर्यंत पोचतेच. हरवतं ते तिला नाव देणं, जागा दाखवणं आणि ती थोड्या वेळाने जाईल हे समजणं. मग ती कळ आरडाओरड, मारणं, जेवण नाकारणं अशी बाहेर येते आणि आपण तिला 'वागणूक' म्हणतो. नॉर्वेतल्या 18 शुश्रूषागृहांत डिमेन्शियाच्या 352 रहिवाशांवर झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनेचे उपचार दिले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. नेहमीचीच काळजी मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची अस्वस्थता सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. म्हणजे सगळी आरडाओरड वेदनेची नव्हती, पण काही भाग नक्की होता.

तुमच्या कानांनाही एक प्रश्न विचारायला हवा. 8 हा आकडा वेदनेचा आहे की न्हाणीचा? या चार्टचा मोठा दोष हाच आहे. घाबरलेलं माणूसही किंचाळतं, ढकलतं, धापा टाकतं. उघड्या अंगावर पाणी, थंड कोबा, कपडे कोण काढतंय ते कळत नाही, यानेही 6-7 गुण सहज होतात. पाच ओळींपैकी एकही ओळ 'वेदना' आणि 'भीती' वेगळी करत नाही. शिवाय 8 म्हणजे '10 पैकी 8 इतकी तीव्र वेदना' असंही नाही. चार्टबरोबर 1 ते 3 सौम्य, 4 ते 6 मध्यम, 7 ते 10 तीव्र अशी वाटणी फिरते, पण तिच्यावर फार भार टाकू नये. मी तो आकडा त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी ताडून पाहते, शेजारच्या खाटेशी नाही. आणि 2 किंवा जास्त आले की शोध सुरू करते.

शोध घ्यायचा म्हणजे सकाळचे तुकडे पाडायचे. नॉर्वेतच 'मोबिड' नावाची एक पद्धत निघाली. तिच्यात परिचारिका सकाळची कामं करतानाच पाच हालचाली क्रमाने पाहते: हाताची बोटं उघडणं, हात डोक्याकडे नेणं, गुडघे आणि खुबे वाकवून सरळ करणं, अंथरुणात दोन्ही कुशींवर वळवणं, खाटेच्या कडेला बसवणं. प्रत्येक हालचालीला आवाज, चेहरा आणि अंग आखडून घेणं टिपायचं. तुम्ही वेगळी कवायत करू नका, त्या पडल्या आहेत हे लक्षात ठेवा. रोज जे करावंच लागतं तेच सावकाश करा आणि प्रत्येक टप्प्यावर चार श्वास थांबा. अंगावर कपडे, पाण्याचा तांब्यासुद्धा दिसत नाही, हात ऊबदार. पांघरूण काढताना काय होतं? बाही सारखी करायला हात उचलला तर? कुशीवर वळवताना? बसवताना? उभं केल्यावर? आणि मग न्हाणीच्या दारात? पहिल्या कळेला थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

मालवणकडच्या एका घरात मी हेच केलं होतं. आजी कपडे बदलताना चावायच्या. सुनेला वाटायचं, लाज वाटते म्हणून. पडून असताना पेनॅड 0. कुशीवर वळवताना 1. पाय उचलताना 0. डावा हात बाहीसाठी वर नेला आणि खांद्याच्या उंचीला येतो न येतो तोच 6. उजव्या हाताला 1. खांदा आखडला होता, आणि सून रोज तोच हात शेवटी बाहीत ओढत होती, जेव्हा पोलक्यात जागाच उरत नाही. क्रम उलटा केला. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. पोलक्याऐवजी पुढून उघडणारा सैल सदरा दिला आणि डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी कपडे बदलण्याआधी तासभर. पाच दिवसांत 6 चे 2 झाले. उरलेले 2 कशाचे ते कधी कळलं नाही, पण चावणं थांबलं.

तुमच्या पत्रात जागेची खूण आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. धपकन बसणं, त्यानंतर दोन महिने, पडून असताना ठीक आणि उठवताना किंचाळणं. या वयाच्या बाईत असं असलं तर माझ्या मनात आधी मणक्याचं दबलेलं हाड येतं. ठिसूळ हाडांचा मणका बसक्या पडण्याने चेपतो. माणूस नंतर चालतंसुद्धा, म्हणून कोणी एक्स-रे काढत नाही. दुखतं ते मुख्यतः आडव्यावरून उठताना आणि कूस बदलताना. खुब्याच्या हाडाची घट्ट बसलेली चीरही कधी कधी चालू देते. मी पत्रावरून निदान करत नाही, आणि गुडघे, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, ढुंगणावरची जखम, दात हेही पाहायलाच हवं. पण कमरेच्या मणक्याचा बाजूने काढलेला आणि खुब्यांचा एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्या. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, पाय टेकवेनासा झाला, लघवी थांबली, ताप आला, पोट कडक झालं किंवा दोन दिवसांत एकदम फरक पडून त्या गुंगल्यासारख्या झाल्या, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.

तोवर, म्हणजे उद्या सकाळपासूनच, दोन्ही हात धरून ओढून उठवणं बंद. त्याने दबलेला मणका पुढे वाकतो आणि खांदेही उखडतात. आधी गुडघे थोडे दुमडून त्यांना एका कुशीवर वळवा. खांदा आणि कंबर एकाच वेळी, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. मग पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा आणि तुमचा एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक गुडघ्यांवर ठेवून बाजूने वर आणा. यजमान ताकदवान आहेत हे चांगलंच, पण इथे ताकद लागत नाही. मला वाटतं, नुसत्या या बदलाने आकडा हलेल. न हलला तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

आता गोळीचा प्रश्न. झोपेची गोळी वाढवली तर चार्टवर गुण नक्की उतरतील, आणि म्हणूनच मला तिची भीती वाटते. पेनॅडमध्ये भावहीन चेहऱ्याला 0 मिळतो. गुंगीतल्या माणसाचा चेहरा भावहीन, आवाज नाही, मारायला हात उठत नाही. वेदना तशीच आणि बेरीज 1. आक्रमकपणासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी चेहरा मुखवट्यासारखा होतो, तिथेही हेच. वर या गोळ्यांनी पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. तरी चालू गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. तिचं नाव घेऊन डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे जाताना गोळी वाढवून मागण्याऐवजी वेदनेच्या औषधाची प्रायोगिक मुदत मागा. त्याआधी तीन सकाळी काहीही न बदलता, फक्त नव्या उठवण्याच्या पद्धतीने, तुकड्यातुकड्यांचे आकडे वहीत लिहा. मग डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत पॅरासिटामॉल, ठरलेल्या वेळांना रोज, त्यातली एक वेळ उठवण्याआधी तासभर. 'दुखलं तर द्या' असं लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे विनंती करा की वेळा लिहून द्या. जी बाई दुखतं म्हणू शकत नाही तिला 'दुखलं तर' ची गोळी कधीच मिळत नाही. मी अशी भरलेली पाकिटं उशाशी पाहिली आहेत. मात्रा डॉक्टरांवर सोडते, पण त्यांना सासूबाईंचं वजन सांगा. 50 किलोच्या खाली किंवा यकृताचा त्रास असेल तर दिवसाची मात्रा कमी ठेवावी लागते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते वर मोजलं जातं. आणि मेडिकलमधून स्वतःहून आणलेली दुखण्याची जोरदार गोळी नको. या वयात ती मूत्रपिंडाला आणि पोटाला महाग पडते.

सात दिवस रोज त्याच टप्प्यांचे आकडे, त्याच माणसाने लिहिलेले. तुम्ही आणि यजमान एकदा एकाच सकाळचा चार्ट वेगवेगळा भरून बघा. एखाद्या गुणाचा फरक चालेल. तीनचा पडला तर ओळ कुठे वेगळी वाचली गेली ते बोलून ठरवा. (यजमानांनी चार्ट हातात घेतला की 'डोक्याचाच आजार' हे वाक्य थोडं थांबतं, असा माझा अनुभव आहे.) दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरणही करून ठेवा, फक्त चेहरा आणि हात, अंगावर कपडे असताना. दवाखान्यात त्या दुपारसारख्याच शांत बसतील आणि डॉक्टरांनाही तो 1च दिसेल.

एक गोष्ट मात्र या चार्टमध्ये नाही, ती वहीत वेगळी लिहा: पेज किती घेतली, रात्री किती वेळा उठल्या, पडवीत नातवंडं आली तर मान वळवतात का. काही माणसं वेदनेने ओरडत नाहीत, गप्प होतात आणि ताट सरकवतात. पेनॅडला ती दिसतच नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या 'अ‍ॅबी' चार्टमध्ये जेवण न घेणं आणि नेहमीच्या वागण्यातला बदल यांचीही ओळ आहे. तुमची वही तीच ओळ भरून काढेल.

सातव्या दिवशी बघा. उठवताना आणि वळवताना आकडा 8 वरून 3-4 वर आला, त्या दिवसा जाग्या आहेत आणि पेजही घेताहेत, तर ती वेदना होती. औषध पुढे किती चालवायचं ते डॉक्टरांसमोर वही ठेवून ठरवा. झोपाळू होऊन आकडा उतरला तर तो उतरलाच नाही असं धरा. उठवणं शांत झालं, पण न्हाणीच्या दारात पुन्हा 6 होत असतील, तर तेवढा भाग भीतीचा आहे आणि त्याला गोळी नको. मग रोजची अंघोळ आठवड्यातून दोनदा करा, बाकी दिवशी खाटेवरच कोमट पाण्याने पुसून घ्या. अंगावर टॉवेल राहू द्या, पाणी पायांपासून सुरू करा, डोक्यावरून नको. आणि दुसरा एक लहान तांब्या भरून त्यांच्याच हातात द्या.